ट्यूबलेस टायरची हवा हळूहळू जाते? गळती घरच्या घरी अशी शोधा

हवा मारली की दोन-तीन दिवस गाडी बरी चालते आणि मग पुन्हा टायर बसतो, अशी तक्रार घेऊन आमच्याकडे रोज कुणी ना कुणी येते. ट्यूबच्या टायरमध्ये खिळा घुसला की थोड्याच वेळात चाक जमिनीला टेकते, त्यामुळे पंक्चर आहे की नाही हा प्रश्नच उरत नाही. ट्यूबलेसमध्ये टायरचे रबर खिळ्याला चारी बाजूंनी आवळून धरते आणि हवा थेंबाथेंबाने जाते. शिवाय ती फक्त टायरच्या नक्षीतूनच जाते असे नाही. व्हॉल्व्हच्या तोंडातून, व्हॉल्व्हच्या बुडातून किंवा टायर रिमला जिथे बसतो त्या कडेतूनही ती जाऊ शकते. पंक्चरच्या भोकात आपण नेहमी मारून घेतो ती रबराची स्ट्रिप यातल्या फक्त नक्षीतल्या भोकाला उपयोगाची. म्हणून आधी गळती नेमकी कुठे आहे ते कळले पाहिजे, आणि ते कळायला साबणाचे पाणी पुरते.

त्याआधी गळती खरोखर आहे का ते पाहा

एप्रिल-मे महिन्यात आपल्या सोलापुरात दुपारी पारा चाळिशी ओलांडतो. तापलेल्या डांबरावरून आलेल्या गाडीची हवा पंपावर तपासली की काटा वर दिसतो आणि दुसऱ्या दिवशी पहाटे तोच खाली. तापमान १० अंशांनी बदलले की स्कूटर किंवा कारच्या टायरमधला दाब साधारण दीड पीएसआयने बदलतो. म्हणजे दुपारी ३२ आणि सकाळी ३० दिसले तर ते पंक्चर नव्हे. हवा नेहमी सकाळी, गाडी न चालवता, एकाच गेजने मोजा. चांगल्या टायरचीही महिन्याला एखाद-दोन पीएसआय हवा आपोआप कमी होते. दोन-चार दिवसांत चार-पाच पीएसआय कमी झाली तर मात्र गळती नक्की समजा.

पाणी कसे करायचे

भांडी घासायचे लिक्विड एक भाग आणि पाणी दहा भाग घ्या. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात अंगाची वडी किंवा कपड्याचा साबण विरघळवला तर फेसाऐवजी पांढरा चोथाच जास्त होतो, तेव्हा लिक्विडच वापरा आणि शक्यतो नळाचे पाणी घ्या. अर्धा लिटर पुरे होते. पाणी जोरात घुसळू नका. आधीच फेस झाला तर गळतीचे बुडबुडे त्यात लपतात. स्प्रेची बाटली असेल तर उत्तम, नाहीतर रंगाचा जुना ब्रश चालेल.

गाडीवर लिहिलेल्या आकड्याइतकी हवा भरून घ्या. बसलेल्या टायरवर साबण लावून काही दिसत नाही, कारण हवेला बाहेर ढकलणारा जोरच उरलेला नसतो. गळती फार बारीक असेल तर चार-पाच पीएसआय जास्त भरा, पण टायरच्या बाजूवर छापलेल्या कमाल दाबाच्या वर जाऊ नका आणि तपासून झाल्यावर जादा हवा आठवणीने काढा. स्कूटर किंवा मोटरसायकल सपाट जागी डबल स्टँडला लावा, सायलेन्सर गार होऊ द्या, इंजिन बंदच ठेवा आणि चाक हाताने फिरवा.

सुरुवात व्हॉल्व्हपासून

बहुतेक जण आधी खिळा शोधत बसतात. आमचे म्हणणे आहे की आधी व्हॉल्व्ह पाहा, कारण ते दोन मिनिटांचे काम आहे. टोपण काढा, व्हॉल्व्हच्या तोंडावर साबणाचा एक थेंब ठेवा आणि मनात साठपर्यंत मोजा. थेंबाचा फुगा होऊन फुगत गेला तर आतली पिन सैल आहे किंवा खराब झाली आहे. पिन कधीकधी नुसती आवळून काम होते, नाहीतर बदलावी लागते. दोन्हीला टायर काढावा लागत नाही.

मग व्हॉल्व्ह जिथे रिममधून बाहेर येतो त्या बुडाशी भरपूर साबण लावा आणि अंगठ्याने व्हॉल्व्ह हलकेच एका बाजूला, मग दुसऱ्या बाजूला वाकवा. हे वाकवणे विसरू नका. जुन्या रबराला बुडाशी बारीक चिरा पडलेल्या असतात. व्हॉल्व्ह सरळ असताना त्या मिटलेल्या राहतात आणि वाकला की उघडतात.

जुळे सोलापुरातल्या एका काकांच्या स्कूटरचे असेच झाले होते. मागच्या टायरला सोमवारी सकाळी ३० पीएसआय हवा होती, बुधवारी सकाळी मोजली तर २४. नक्षीत एक बारीक भोक दिसले म्हणून त्यांनी आधी दुसऱ्या दुकानात त्या भोकाला स्ट्रिप मारून घेतली होती, तरी हवा जातच होती. फोनवर म्हणाले, "साबण लावून सगळा टायर बघितला, कुठंच बुडबुडा नाही." आम्ही म्हटले, "काका, व्हॉल्व्ह वाकवून बघितला का?" पाच मिनिटांनी त्यांचाच फोन आला. व्हॉल्व्ह डावीकडे वाकवला की बुडाशी बुडबुड्यांची रांग लागत होती आणि सोडला की थांबत होती. स्कूटरचे चाक लहान असते, त्यामुळे हवा भरताना नळी तिरपी दाबली जाते आणि व्हॉल्व्ह दर वेळी तिथेच वाकतो. गाडी वेगात असतानाही तो बाहेरच्या बाजूला ताणला जातो. म्हणून उभ्या गाडीची हवा कमी जात होती आणि चालवल्यावर जास्त. टायरची एक बाजू रिमवरून सोडवून नवा व्हॉल्व्ह बसवला आणि गळती थांबली.

नक्षी तपासताना

व्हॉल्व्ह ठीक असेल तर खडूने टायरवर एक खूण करा आणि तिथून पाव-पाव चाक तपासत जा. प्रत्येक भागावर साबण भरपूर मारा आणि निदान एक मिनिट हात न लावता बघत राहा. घाई केली तर बारीक गळती हमखास सुटते. मोठ्या भोकातून ठसठशीत बुडबुडे लगेच येतात. बारीक भोकाशी मात्र आधी काहीच दिसत नाही, मग दाण्याएवढा पांढरा, घट्ट फेस हळूहळू वर येतो. साबण मारताना उठलेले बुडबुडे फुटून जातात, पण गळतीचे पुसले तरी त्याच जागी पुन्हा येतात. शंका आली की बोटाने पुसा आणि परत बघा.

आपल्या जिल्ह्यात वेड्या बाभळीचे काटे टायरचे फार नुकसान करतात. शेतात, बांधावर किंवा गावाकडच्या कच्च्या वाटेवर गाडी जात असेल तर हे ध्यानात ठेवा. काटा घुसतो, बाहेरचा भाग मोडून पडतो आणि आत राहिलेला तुकडा धुळीने काळा होऊन रबरासारखाच दिसतो. डोळ्यांनी तो सापडत नाही, बोटालाही लागत नाही, साबणाच्या फेसातच कळतो. अक्कलकोट रोड एमआयडीसीत ये-जा असणाऱ्यांच्या टायरमध्ये लोखंडाचा कीस सापडतो, तोही असाच फसवा.

खिळा, काटा किंवा कीस सापडला तर तो उपटू नका. आत आहे तोवर त्यानेच भोक बरेचसे बुजवलेले असते, काढला की उरलेली हवा जागच्या जागी जाते आणि गाडी ढकलत आणावी लागते. खडूने त्याभोवती गोल करा आणि गाडी तशीच घेऊन या. खिळा दिसतो पण फेस येत नाही, असेही होते. तेव्हा तो बहुधा आखूड असतो आणि नुसता नक्षीच्या जाडीत अडकलेला असतो. तोही आम्हाला काढू द्या, कारण आत किती गेला आहे ते बाहेरून सांगता येत नाही.

कारचे चाक गाडीवरच तपासत असाल तर जमिनीला टेकलेला भाग झाकलेला राहतो हे विसरू नका. एक बाजू झाली की गाडी अर्धे चाक पुढे घ्या, हँडब्रेक ओढा आणि मग राहिलेला भाग बघा. पुढच्या चाकाची आतली बाजू स्टिअरिंग पूर्ण वळवले की दिसते. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली मात्र डोके किंवा हात घालू नका.

रिमची कड

नक्षीतही काही सापडले नाही तर टायर आणि रिम यांच्या सांध्यात दोन्ही बाजूंनी साबण सोडा. इथली गळती एका बिंदूतून येत नाही, चार-सहा बोटे लांबीच्या कडेवर बारीक फेसाची रेघ उमटते. रिमला गंज धरला असेल, सांध्यात माती बसली असेल किंवा खड्ड्यात आदळून रिम दबला असेल तर असे होते. यावर स्ट्रिपचा काही उपयोग नाही. टायर सोडवून रिमची बैठक घासून साफ करावी लागते आणि रिम वाकला असेल तर तो सरळ करावा किंवा बदलावा लागतो. क्वचित अलॉय रिमलाच तडा गेलेला असतो आणि फेस रबरापासून दूर, धातूवरच दिसतो. असा रिम चालवू नका.

टबचा उपयोग कधी

चाक गाडीतून काढलेलेच असेल, स्टेपनी तपासायची असेल किंवा साबणाने काही सापडले नसेल तर टब घ्या. कपडे भिजवायचा मोठा टब चालतो. त्यात साधे स्वच्छ पाणी घ्या, साबण नको. पूर्ण चाक बुडायची गरज नाही, ते उभे धरून एक-एक भाग दाबून बुडवा. भरलेले चाक पाण्यावर तरंगते, त्यामुळे दोघे असलेले बरे. बुडवल्याबरोबर नक्षीच्या चरांतून आणि रिमच्या सांध्यातून अडकलेली हवा निघते, तिला पंक्चर समजू नका. हाताने ती झटकून टाका, पाणी शांत होऊ द्या आणि मग बघा. एकाच जागेवरून, ठरावीक अंतराने एकामागून एक बुडबुडे येत राहिले तर ती गळती. नळाला रोज पाणी येत नाही, तेव्हा टबच्या फंदात पडण्याआधी साबणाने एकदा नीट बघाच.

काम झाल्यावर चाक साध्या पाण्याने धुवा. ब्रेकच्या डिस्कवर साबण उडाला असेल तर ती नीट धुऊन पुसा आणि रस्त्यावर येण्याआधी हळू वेगात दोन-तीनदा ब्रेक दाबून बघा.

आमच्याकडे येताना

गळती कुठे दिसली, किती दिवसांत किती हवा गेली आणि टायरमध्ये पंक्चर रोखणारे लिक्विड घातले आहे का, एवढे सांगा. लिक्विड असेल तर गळती मधेच थांबते आणि परत सुरू होते, त्यामुळे आम्हाला वेगळ्या पद्धतीने बघावे लागते. फेस टायरच्या बाजूच्या भिंतीवर आला असेल तर तिथे आम्ही स्ट्रिप मारत नाही. ती भिंत चालताना सतत वाकते, तिथली दुरुस्ती टिकत नाही आणि टायर फुटण्याची भीती असते. नक्षीतले भोक ६ मिलीमीटरपेक्षा मोठे असेल तरीही टायर बदलायलाच सांगू. हवा अर्ध्याच्या खाली गेली असेल तर गाडी चालवत आणू नका, आधी फूटपंपाने हवा भरा. बसलेल्या टायरवर थोडे अंतर चालवले तरी आतले थर चिरडतात आणि मग दहा मिनिटांत निघणाऱ्या पंक्चरसाठी नवा टायर घ्यावा लागतो.