निकालानंतर नातीला पाठवायचा निरोप

दहावीचा निकाल लागला आहे. नात मडगावला, आजोबा पेडण्याला. गणितात 39 आणि विज्ञानात 44 हे आकडे सुनेच्या फोनवरून दुपारीच पोचले. आजोबा चष्मा लावून बराच वेळ बोटं चालवतात आणि असा काहीसा निरोप तयार होतो:

“बाय, निकाल कळला. वाईट वाटून घेऊ नकोस. तू हुशार आहेस. गणित सगळ्यांनाच जमतं असं नाही. मावशीचा मुलगा फर्मागुढीला इंजिनीअरिंगला गेला म्हणून तूही जायला हवं असं थोडंच आहे? तुझ्या बाबांना तर दहावीला तुझ्यापेक्षा कमी होते. पुढच्या वेळी नीट अभ्यास कर. आजोबा.”

निरोप काल्पनिक आहे, पण अशा चालीचे निरोप घरोघरी जातात. त्यातल्या मायेबद्दल शंका घ्यायचं कारण नाही. तरी मानसशास्त्रातले प्रयोग शेजारी ठेवून वाचला तर यातली बरीच वाक्यं आजोबांना हवं त्याच्या उलट काम करतात.

मावशीचा मुलगा आणि बाबा इथूनच सुरुवात करू. आजोबांनी तुलना केली नाही, उलट ती नाकारली, असं आपण म्हणू. पण नातीच्या डोक्यात त्या क्षणी मावशीचा मुलगा आला की नाही? आणि बाबांना कमी होते हे ऐकून दोन घटका बरं वाटलं, तरी मोजपट्टी तीच राहिली: कोण वर, कोण खाली. उद्या त्याच पट्टीवर वर्गातली मैत्रीण उभी राहील.

अव्राहम क्लुगर आणि अँजेलो डेनिसी या दोन संशोधकांनी 1996 साली, केलेल्या कामाबद्दल माणसाला काही सांगितलं की पुढचं काम सुधारतं का, यावरचे जुने प्रयोग एकत्र करून तपासले. एकूण 607 निष्कर्ष हाताशी आले. सरासरीने फायदा दिसला, पण एक तृतीयांशाहून जास्त ठिकाणी सांगितल्यामुळे काम आणखी बिघडलं होतं. गोड बोलणं आणि कडू बोलणं असा हा फरक नव्हता. त्यांचं स्पष्टीकरण असं, की लक्ष कामावर राहिलं तर सांगण्याचा उपयोग होतो. ते कामावरून उडून ‘मी कशी आहे, लोकांत माझी जागा कुठली’ इकडे गेलं की उपयोग आटतो. 39 गुणांत समीकरणं किती चुकली आणि भूमिती किती, हा प्रश्न कामाचा. मावशीच्या मुलाचं नाव निघालं की तो प्रश्न मागे पडतो, मग नाव कौतुकाने निघो की ‘त्याच्याकडे बघू नकोस’ म्हणून.

“तू हुशार आहेस” हे वाक्य काढून टाका म्हटलं तर कुठल्याही आजोबांना राग येईल. मलाही हे वाक्य फार आवडतं, पण निकालाच्या दिवशी ते जड जातं. क्लॉडिया म्युलर आणि कॅरल ड्वेक यांनी 1998 साली प्रसिद्ध केलेले प्रयोग पाचवीतल्या मुलांवर होते. मुलांना आधी जमतील अशी आकृत्यांची कोडी दिली. मग काहींना सांगितलं, ‘तू हुशार असणार’. काहींना सांगितलं, ‘तू मेहनत घेतली असणार’. त्यानंतर मुद्दाम फार अवघड कोडी देऊन सगळ्यांना अपयशाची चव दिली आणि शेवटी पुन्हा पहिल्यासारखीच सोपी कोडी दिली. हुशारीचं कौतुक झालेल्या मुलांनी शेवटच्या फेरीत आधीपेक्षा कमी कोडी सोडवली. मेहनतीचं कौतुक झालेल्यांनी जास्त. त्याहून बोलका भाग पुढे आहे. अनोळखी मुलांना आपले गुण लिहून कळवायला सांगितलं तेव्हा ‘हुशार’ गटातल्या तिसऱ्या हिश्शाहून अधिक मुलांनी ते वाढवून लिहिले. ज्याची किंमत हुशारीवर ठरली, त्याला कमी गुण म्हणजे लपवायची गोष्ट वाटली.

या संशोधनातून पुढे शाळांसाठी ‘मनोवृत्ती बदला’ छापाचे मोठे कार्यक्रम निघाले. त्यांचा गुणांवरचा परिणाम सरासरीने लहान आहे, हे नंतरच्या तपासण्यांत दिसलं. तेव्हा एका वाक्याने नातीचं गणित सुधारेल किंवा बुडेल असं कोणी सांगू लागलं तर विश्वास ठेवू नये. आपला मुद्दा त्याहून छोटा आहे: हुशारीचा शिक्का मारणारं बोलणं अपयशाच्या दिवशी टाळावं.

आता “गणित सगळ्यांनाच जमतं असं नाही”. या वाक्यावर थेट काम झालं आहे. अनीता रत्तन, कॅथरीन गुड आणि ड्वेक यांनी 2012 साली ते प्रसिद्ध केलं. गणितात कमी गुण पडल्यावर शिक्षक असं सांत्वन करतात अशी कल्पना विद्यार्थ्यांना करायला लावली. दुसऱ्या गटाला, शिक्षक अभ्यासाची नेमकी पद्धत सुचवतात अशी. सांत्वन ऐकलेल्यांना वाटलं, की शिक्षकांनी आपल्याकडून आशा सोडली. त्यांची उमेद कमी झाली, आणि शेवटच्या परीक्षेत आपल्याला किती पडतील याचा अंदाजही त्यांनी खाली धरला. समजूत घालणाऱ्याचं मन साफ होतं. ऐकणाऱ्याला निवाडा ऐकू आला. प्रयोग कल्पनेतल्या प्रसंगावर होता ही त्याची मर्यादा. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला मोठ्यांच्या बोलण्यातला निवाडा शोधायला फार वेळ लागत नाही, हे ज्याच्या घरात अशी मुलगी आहे त्याला सांगायला नको.

मग उरलं काय? “बाय, निकाल कळला” आणि “आजोबा”. खरं तर निकालाच्या दिवसासाठी त्यातलंही पहिलं वाक्य पुरे आहे, फक्त ते टाइप करू नये.

याला कारण आहे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातला एक प्रयोग. लेस्ली सेल्त्झर आणि सहकाऱ्यांनी तो 2012 साली प्रसिद्ध केला. सात ते बारा वयाच्या मुलींना अनोळखी मोठ्या माणसांसमोर उभं करून भाषण करायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावली. लोक आपल्याला जोखताहेत आणि आपल्या हातात काही नाही, अशा वेळी शरीरात कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक चांगलंच वाढतं. परीक्षेच्या निकालातही नेमकं तेच घडतं. नंतर काही मुली आईला प्रत्यक्ष भेटल्या, काही फोनवर बोलल्या, काहींनी आईशी लिखित निरोपांची देवाणघेवाण केली आणि काही एकट्याच बसल्या. भेटलेल्या आणि फोनवर बोललेल्या मुलींचं कॉर्टिसोल कमी राहिलं आणि जवळिकीशी जोडलेलं ऑक्सिटोसिन वाढलं. लिखित निरोप मिळालेल्या मुलींचं कॉर्टिसोल एकट्या बसलेल्या मुलींइतकंच चढलेलं राहिलं, आणि ऑक्सिटोसिन वाढलं नाही. समोर आईच होती, धीर देणारे शब्दही होते. आवाज तेवढा नव्हता.

प्रयोग लहान होता, त्यात फक्त मुली होत्या आणि फक्त आया. आजोबा तिथे नव्हते. रेकॉर्ड करून पाठवलेला व्हॉट्सअ‍ॅपचा व्हॉइस मेसेजही तपासला नव्हता. तिथे दोन्ही बाजूंनी बोलणं चालू होतं. त्यामुळे पहिली पसंती फोनला. नातीने उचलला नाही तर आवाजातला निरोप, आणि तिसऱ्या क्रमांकावर टाइप केलेली अक्षरं.

फोनवर पेडण्याहून असं काही बोलता येईल: “बाय, मी आजोबा. निकाल कळला. तुला कसं वाटतंय ते विचारायला फोन केला, बोलायचं नसेल तर नको बोलूस. रविवारी मी आणि आजी येतोय, तुझ्यासाठी पातोळ्या आणायच्या की नेवऱ्या?” यात उपदेश नाही, कोणा तिसऱ्याचं नाव नाही, आणि गुणांनी येण्याजाण्यात काही बदललेलं नाही हे न सांगता कळतं. पहिल्या दिवशी अभ्यासाचा विषय आजोबांनी काढू नये. त्या दिवशी नातेवाइकांचे फोन येतच असतात आणि प्रत्येक फोन म्हणजे पुन्हा एकदा जोखलं जाणं.

निरोप बिघडला हे कसं ओळखायचं? ती म्हणाली, “त्याला किती पडले होते?” तर तुलना कुठून तरी आत शिरली आहे. ती लगेच म्हणाली, “पुढच्या वेळी नव्वद पाडीन,” तर तिला वाटतंय की आजोबांना वचन हवं आहे. ते घेऊ नये. नुसता अंगठा आला तर तो अंगठाच आहे, त्यावरून काही ठरवू नये. मात्र ती दिवसचे दिवस जेवत-झोपत नसेल, जगण्यातच अर्थ नाही असं बोलत असेल, तर निरोपांवर विसंबू नये. घरच्यांनी तिच्यासोबत राहावं आणि त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावं. 14416 हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा क्रमांक कुठल्याही वेळी लागतो.

अभ्यासाचं बोलणं चार-पाच दिवसांनी, तेही तिने दार किलकिलं केलं तर. “नीट अभ्यास कर” या सूचनेत अडचण अशी, की ती अभ्यास करत नव्हती असं त्यात गृहीत धरलंय. बहुतेक मुलं अभ्यास करतात, पण धडा पुनःपुन्हा वाचून. हेन्री रोडिगर आणि जेफ्री कार्पिक यांनी 2006 साली दाखवलं, की उतारा दुसऱ्यांदा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवतं, 81 टक्के. पुस्तक मिटून आठवून लिहिणाऱ्यांना 75. पण आठवड्याने चित्र उलटतं: वाचणाऱ्यांना 42, आठवणाऱ्यांना 56. वाचताना ‘येतंय मला’ असं वाटतं, ते परीक्षेपर्यंत टिकत नाही.

इथे आजोबांना खरंखुरं काम आहे, आणि त्यासाठी त्यांना दहावीचं विज्ञान यायची गरज नाही. आठवड्यातून दोनदा संध्याकाळी नातीने फोन करायचा आणि एक धडा पुस्तक मिटून त्यांना समजावून सांगायचा. भिंगाचा धडा असेल तर आजोबांनी आपल्याच चष्म्याबद्दल विचारावं: जवळचं वाचायला लागतो तो फुगीर का? अडलं की पुस्तक उघडायचं, तेवढाच भाग बघायचा, पुन्हा मिटून सांगायचं. गणितात सोडवून दाखवलेलं उदाहरण झाकून तेच कोऱ्या कागदावर उतरवायचं आणि कुठल्या पायरीला थांबलो ते आजोबांना सांगायचं. आज थांबली ती पायरी पुढच्या फोनला ओलांडली का, एवढंच त्यांनी विचारायचं. चाचणीत किती पडले ते तिला सांगावंसं वाटलं तर ती सांगेल.