एलटूटीपीतील प्री-शेअर्ड की आणि आयपीसेकची नवी की-देवाणघेवाण

एलटूटीपी हा नेटवर्कच्या दुसऱ्या थरावरचा बोगदा उभारणारा प्रोटोकॉल आहे. सिस्कोचा एलटूएफ आणि मायक्रोसॉफ्टच्या पुढाकाराने झालेला पीपीटीपी यांच्या मिलाफातून तो घडला आणि ऑगस्ट १९९९ मध्ये आरएफसी २६६१ म्हणून प्रसिद्ध झाला. पीपीपी या दोन टोके जोडणाऱ्या प्रोटोकॉलच्या चौकटी यूडीपीच्या १७०१ क्रमांकाच्या पोर्टवरून दुसऱ्या टोकाला पोहोचवणे एवढेच त्याचे काम. मजकूर गुप्त ठेवण्याची सोय त्यात नाही. म्हणून त्याला आयपीसेक या पाकिटे एन्क्रिप्ट करणाऱ्या प्रोटोकॉलचे कवच चढवले जाते. ही जोडी २००१ च्या आरएफसी ३१९३ मध्ये नोंदवली आहे. कवचाच्या चाव्या ठरवण्याचे काम त्या काळी आयकेई या प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती, आयकेई-१, करत असे. ती १९९८ ची. आजची आवृत्ती आयकेई-२ ही २००५ मध्ये आली आणि तिचे सध्याचे मानक आरएफसी ७२९६ हे २०१४ चे आहे.

जुन्या जोडीला कमकुवत म्हटले की पुष्कळांना वाटते, तिचे एन्क्रिप्शन कच्चे असावे. तसे नाही. एलटूटीपीच्या बाहेरचे कवच एईएसचे असू शकते आणि ते फोडणे आजही कोणाला साधत नाही. खरी कमजोरी त्याआधीच्या पायरीत आहे: समोरचा कोण, हे कसे ठरते. प्री-शेअर्ड की, म्हणजे पीएसके, ही दोन्ही टोकांवर आधीच भरून ठेवलेली अक्षरांची माळ. आयकेई-१ ने ती ज्या जागी वापरली, त्या जागेमुळे पुढच्या सगळ्या अडचणी उद्भवतात.

दोन्ही आवृत्त्यांमधली मूळ चावी अशी काढली जाते:

```
IKEv1 (PSK):  SKEYID   = prf(pre-shared-key, Ni_b | Nr_b)
IKEv2:        SKEYSEED = prf(Ni | Nr, g^ir)
```

`prf` म्हणजे चावी आणि मजकूर मिसळून यादृच्छिक दिसणारे मूल्य काढणारे गणिती कार्य. `Ni` आणि `Nr` हे दोन्ही बाजूंनी उघडपणे पाठवलेले यादृच्छिक आकडे, तर `g^ir` हे डिफी-हेलमन पद्धतीने दोघांना मिळालेले सामायिक गुपित. आयकेई-१ मध्ये पीएसके थेट मूळ चावीतच मिसळलेली आहे. याचा परिणाम आयकेई-१ च्या मेन मोड या मुख्य पद्धतीत दिसतो. मेन मोडच्या सहा संदेशांपैकी पाचव्यात ग्राहक आपली ओळख पाठवतो, पण ती एन्क्रिप्ट केलेली असते आणि ती उलगडायला सर्व्हरला पीएसके लागते. कोणती पीएसके लावायची हे मात्र ओळख कळल्याशिवाय ठरवता येत नाही. हा पेच सोडवायला सर्व्हरच्या हाती एकच गोष्ट उरते: संदेश ज्या आयपी पत्त्यावरून आला तो पत्ता.

दोन कार्यालयांचे पत्ते कायमचे असतील तर हे चालून जाते. एलटूटीपीचा खरा वापर मात्र घरून किंवा प्रवासात जोडणाऱ्यांचा. त्यांचा पत्ता रोज बदलतो. त्यामुळे सर्व्हरवर ‘कोणताही पत्ता’ असे लिहून सगळ्यांसाठी एकच पीएसके ठेवावी लागते. व्यवस्थापकाचा आळस म्हणून याकडे बोट दाखवले जाते, ते अन्यायाचे आहे. मेन मोडमध्ये प्रोटोकॉलच त्याला दुसरा मार्ग ठेवत नाही. प्रमाणपत्रे वापरणे हीच सुटका, आणि ती कटकटीची म्हणून तर पीएसके निवडलेली असते.

सगळ्यांची मिळून एक अशी ही चावी मग गुपित राहत नाही. ती लॅपटॉपच्या मांडणीत असते, फोनमध्ये असते, नव्या कर्मचाऱ्याला पाठवलेल्या सूचनापत्रात असते. एखादा माणूस नोकरी सोडून गेला तर ती प्रत्येक उपकरणावर बदलायला हवी, आणि नेमके तेच होत नाही. वापरणाऱ्याचे स्वतःचे नाव आणि पासवर्ड आतल्या पीपीपीच्या थरात तपासले जातात, म्हणून पीएसके फुटली तरी आत कोणी शिरणार नाही, असा युक्तिवाद केला जातो. त्यात सर्व्हरची बाजू सुरक्षित राहते, ग्राहकाची नाही. ग्राहकाच्या दृष्टीने सर्व्हर खरा असल्याचा बाहेरच्या थरातला पुरावा एकच: त्याला पीएसके ठाऊक आहे. ती ठाऊक असलेला कोणीही, माजी कर्मचारीसुद्धा, सर्व्हर असल्याचे सोंग घेऊ शकतो.

असे सोंग कसे वठते ते पाहू. हल्लेखोराने एक खुले वायफाय उभे केले आणि सर्व्हरकडे जाणारी पाकिटे स्वतःकडे वळवली. ग्राहकाचे यंत्र त्याच्याशी डिफी-हेलमन करते, पीएसके जुळते, कवच तयार होते. आता आत एलटूटीपी आणि त्यात पीपीपी सुरू होते. ग्राहक पासवर्ड उघड पाठवणारी पीएपी ही पद्धत मान्य करत असेल तर पासवर्ड जसाच्या तसा हल्लेखोराच्या हाती पडतो. बहुधा तिथे एमएस-चॅप-व्ही२ ही पासवर्ड न पाठवता तो सिद्ध करण्याची पद्धत असते. २०१२ मध्ये मॉक्सी मार्लिनस्पाइक आणि डेव्हिड हल्टन यांनी दाखवून दिले की ही देवाणघेवाण फोडणे म्हणजे एकच डीईएस चावी, २ चा ५६ वा घात इतक्या शक्यतांमधून, शोधणे. पासवर्ड कितीही लांब असला तरी हे काम वाढत नाही. आतला थर बाहेरच्या कवचावर विसंबून होता आणि बाहेरचे कवच सगळ्यांना ठाऊक असलेल्या एका माळेवर.

पीएसके आधीपासून ठाऊक नसेल तर ती अंदाजाने शोधता येते. आयकेई-१ च्या अॅग्रेसिव्ह मोड या दुसऱ्या पद्धतीत हे फारच सोपे आहे. या मोडमध्ये ओळख उघड पाठवून वरचा पेच टाळलेला आहे. त्याची किंमत अशी की दुसऱ्याच संदेशात सर्व्हर पीएसकेवर आधारलेला एक हॅश उघडपणे पाठवतो. त्या हॅशमध्ये जे जे मिसळलेले असते ते पीएसके सोडून सगळे तारेवर दिसते. हल्लेखोराने स्वतः एक पाकीट पाठवले, उत्तर साठवले, की पुढचे काम घरी बसून. समजा, पीएसके इंग्रजीतल्या आठ लहान अक्षरांची आहे. एकूण शक्यता २६ चा आठवा घात, म्हणजे सुमारे २०,८८३ कोटी. सेकंदाला १० कोटी अंदाज तपासणारे ग्राफिक्स कार्ड धरले तर सगळ्या शक्यता सुमारे ३५ मिनिटांत संपतात. सर्व्हरला यातले काही कळत नाही. त्याच्या नोंदवहीत फार तर एक अर्धवट राहिलेली जोडणी दिसते.

आपला सर्व्हर असे उत्तर देतो का, हे स्वतःच्या यंत्रावर तपासता येते:

```
ike-scan -A --id=vpn 198.51.100.7
```

उत्तरात `Aggressive Mode Handshake returned` आले तर दार उघडे आहे. `198.51.100.7` च्या जागी आपल्या सर्व्हरचा पत्ता आणि `vpn` च्या जागी सर्व्हरवर ठरवलेल्या गटाचे नाव घालावे, कारण काही सर्व्हर अनोळखी नावाला उत्तर देत नाहीत. स्ट्राँगस्वॉन या मुक्त प्रणालीच्या सर्व्हरवर पीएसके आणि अॅग्रेसिव्ह मोड एकत्र वापरायचे झाले तर जी मांडणी चालू करावी लागते तिचे नाव आहे `i_dont_care_about_security_and_use_aggressive_mode_psk`. सॉफ्टवेअर लिहिणाऱ्यांचा एवढा स्पष्ट शेरा क्वचित वाचायला मिळतो.

मेन मोडमध्ये नुसते ऐकणाऱ्याला हे जमत नाही. पण सर्व्हरच्या जागी बसलेल्याला जमते: डिफी-हेलमन त्याने स्वतःच केलेले असल्याने पाचव्या संदेशात त्याला अज्ञात अशी पीएसके तेवढी उरते. एकेक अंदाज लावून संदेश उलगडतो का ते तो पाहू शकतो. एक भीती मात्र अनाठायी आहे. आज पीएसके फुटली म्हणून काल नोंदवून ठेवलेली वाहतूक उलगडत नाही, कारण तिच्या चावीत डिफी-हेलमनचे गुपितही आहे. तिथे दुबळेपणा येतो तो जुन्या मांडण्यांत राहून गेलेल्या डिफी-हेलमनच्या १०२४ बिटांच्या गटामुळे. २०१५ च्या लॉगजॅम संशोधनात तो फोडणे मोठ्या राष्ट्राच्या साधनांच्या आवाक्यात असल्याचा अंदाज मांडला गेला.

आणखी एक गडबड प्रत्यक्षात आढळते. एलटूटीपीचा सर्व्हर १७०१ वर थेट ऐकत राहतो आणि फायरवॉलने ते अडवलेले नसते. मग आयपीसेक जुळले नाही तरी ग्राहक कवचाविना जोडला जाऊ शकतो. बाहेरच्या बाजूने पाकिटे टिपली की हे उघड होते. नीट चालणाऱ्या जोडणीत यूडीपी ५००, यूडीपी ४५०० किंवा ईएसपी, म्हणजे आयपीसेकची एन्क्रिप्ट केलेली पाकिटे, एवढेच दिसावे. तिथे १७०१ दिसले तर बोगदा उघडा आहे.

आयकेई-२ मध्ये क्रम बदलला. पहिल्या दोन संदेशांत डिफी-हेलमन पूर्ण होते आणि मूळ चावी फक्त त्यातून निघते, हे वरच्या दुसऱ्या सूत्रात दिसते. ओळख त्यानंतर, एन्क्रिप्ट होऊन जाते. ती उलगडायला सर्व्हरला पीएसके लागत नाही, म्हणून प्रत्येकाला वेगळी चावी किंवा वेगळी पद्धत देता येते. अॅग्रेसिव्ह मोड राहिलेलाच नाही. सर्वांत मोठा फरक पासवर्डच्या बाबतीत आहे. वापरणाऱ्याचा पासवर्ड ईएपी या ओळख तपासण्याच्या प्रोटोकॉलमार्फत तपासायचा असेल तर सर्व्हरने आधी आपल्या प्रमाणपत्राने सही करून स्वतःला सिद्ध करावे, असा मानकाचा सर्वसाधारण नियम आहे. वायफायवर बसलेल्या सोंगाड्याकडे त्या प्रमाणपत्राची खाजगी चावी नसते, म्हणून ग्राहक पासवर्डापर्यंत पोहोचण्याआधीच थांबतो. अर्थात, ग्राहकाने प्रमाणपत्रावरचे नाव आणि ते देणारी संस्था तपासली तरच. तपासणी बंद करून ठेवलेल्या फोनला आयकेई-२ वाचवू शकत नाही.

आयकेई-२ हे नाव म्हणजे अभय नव्हे. त्यातही पीएसके वापरता येते, आणि ग्राहक आपला पुरावा सर्व्हरच्या आधी, तिसऱ्या संदेशात पाठवतो. खोट्या सर्व्हरला तो मिळाला की अंदाजांचा तोच खेळ सुरू होतो. २०१८ मध्ये फेल्श आणि सहकाऱ्यांनी यूजनिक्स सुरक्षा परिषदेत मांडलेल्या निबंधात आयकेई-१ चा मेन मोड आणि आयकेई-२ या दोहोंवर हा हल्ला दाखवला. उपाय साधा आहे: माणसाने सुचवलेली पीएसके नको. `openssl rand -base64 32` ने निघालेली २५६ बिटांची चावी, दोनच टोकांमध्ये, चांगली टिकते. अशी चावी माणसाला पाठ होत नाही, आणि त्यात तोटा काही नाही.

एप्रिल २०२३ च्या आरएफसी ९३९५ ने आयकेई-१ अधिकृतपणे मोडीत काढले. अँड्रॉइड १२ पासून नव्या एलटूटीपी जोडण्या मांडण्याची सोय गेली, आणि २०२४ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज सर्व्हरच्या पुढील आवृत्त्यांसाठी पीपीटीपी व एलटूटीपी मोडीत काढल्याचे जाहीर केले.

जुन्या रचनेचा एक गुण मात्र नव्यात हरवला होता. मूळ चावीत पीएसके मिसळल्यामुळे, ती खरोखर यादृच्छिक असेल तर, उद्याच्या क्वांटम संगणकाने डिफी-हेलमन फोडले तरी नोंदवलेली वाहतूक बंदच राहते. आयकेई-२ मध्ये ही ढाल नव्हती. २०२० च्या आरएफसी ८७८४ ने ती परत आणली: ओळख पटल्यानंतरच्या चाव्यांमध्ये एक जादा पूर्वसामायिक चावी मिसळायची. ओळख पटवण्याचे काम मात्र प्रमाणपत्रासारख्या नेहमीच्या पद्धतीकडेच राहते.