रिक्रूटरचा पहिला फोन आणि नोटीस पिरियडचं उत्तर

बायोडाटा आणि मुलाखतीच्या तयारीसाठी आमच्याकडे येणाऱ्या ग्राहकांसाठी

बायोडाटा पाठवला की चार-आठ दिवसांत रिक्रूटरचा फोन येतो आणि त्यानंतर आम्हाला तुमचा फोन येतो: "पगार विचारला, नोटीस विचारली, मी काहीतरी सांगून टाकलं, चालेल ना?" बहुतेक वेळा तोवर उशीर झालेला असतो. म्हणून फोन येण्याआधीच हे पत्रक वाचा, ही विनंती.

हा फोन दहा-पंधरा मिनिटांचा असतो. समोरची व्यक्ती तुमची निवड करत नसते. ती एका तक्त्यात तुमच्या नावाची ओळ भरत असते: अनुभव, सध्याचा सीटीसी, अपेक्षित सीटीसी, नोटीस पिरियड, सध्याचं ठिकाण, पसंतीचं ठिकाण. तो तक्ता पुढे हायरिंग मॅनेजरकडे जातो. तुम्ही कोणत्या सुरात बोललात, कुठे "बहुधा" म्हणालात, हे तिथे पोचत नाही. पोचतो तो फक्त आकडा, आणि ऑफर लेटरवरची जॉइनिंगची तारीखही त्याच आकड्यावरून ठरते.

सगळ्यात जास्त घोळ नोटीस पिरियडच्या रकान्यात होतो. सध्याच्या कंपनीच्या अपॉइंटमेंट लेटरमध्ये ९० दिवस असतात आणि माणूस फोनवर सांगतो, "तीस दिवसांत होईल, निगोशिएबल आहे." यात फसवण्याचा हेतू नसतो. ९० म्हटलं तर फोन तिथेच संपेल ही भीती असते आणि ऑफिसमधला कोणीतरी महिन्याभरात सुटलेला असतो.

आमच्या एका ग्राहकाचं असंच झालं. सहकारी तीस दिवसांत सुटला होता, म्हणून त्यांनीही ३० सांगितले. दोन फेऱ्या उत्तम झाल्या. ३ जूनला ऑफर आली, जॉइनिंग १० जुलै. ५ जूनला त्यांनी राजीनामा दिला. एचआरने उत्तर दिलं: ९० दिवस, म्हणजे शेवटचा दिवस ३ सप्टेंबर. सहकारी लवकर सुटला कारण त्याचा प्रोजेक्ट संपत आला होता. यांचं काम हातात घ्यायला माणूसच नव्हता. कमी पडणाऱ्या दिवसांचा पगार भरायची त्यांची तयारी होती, पण लेटरमध्ये "कंपनीच्या संमतीने" असे शब्द होते आणि संमती मिळाली नाही. नव्या कंपनीने १ ऑगस्टपर्यंत वाट पाहण्याची तयारी दाखवली, पुढे नाही. ऑफर गेली आणि राजीनामा तर आधीच देऊन झाला होता.

हे टाळायचं तर अपॉइंटमेंट लेटर काढा आणि नोटीसचं कलम शब्द न् शब्द वाचा. लेटरनंतर बढती झाली असेल किंवा नवं धोरण आलं असेल, तर तेही पाहा. दिवस बदललेले असू शकतात. दिवस किती, हे तर बघाच, पण खरी गोम पुढच्या वाक्यात असते. "नोटीस किंवा त्याऐवजी पगार" हा पर्याय दोन्ही बाजूंना दिला आहे, की फक्त कंपनीला? भरपाई मूळ पगारावर मोजायची की पूर्ण पगारावर? यात रकमेचा मोठा फरक पडतो. शिल्लक रजा नोटीसमध्ये वळती होते का? अनेक ठिकाणी होत नाही, तिचे फक्त पैसे मिळतात. आणि नोटीस राजीनाम्याच्या तारखेपासून मोजतात की तो स्वीकारल्यापासून?

एवढं माहीत असलं की फोनवर असं सांगता येतं: "लेटरनुसार ९० दिवस आहेत. राजीनामा अजून दिलेला नाही, ऑफर लेटर हातात आलं की दोन दिवसांत देईन. पैसे भरून लवकर सुटण्याची सोय आहे, पण ती कंपनीच्या संमतीवर. त्यामुळे आज ९० च लिहा. कमी झाले तर लेखी मिळाल्यावर कळवतो." मग लगेच विचारा, "या जागेसाठी जास्तीत जास्त किती दिवस थांबता येईल?" ४५ च्या पुढे चालणार नाही असं उत्तर आलं, तर ती जागा तिथेच सोडा. दोन फेऱ्यांची तयारी आणि रजा वाचते. राजीनामा आधीच दिला असेल तर दिवस मोजत बसू नका, शेवटच्या दिवसाची तारीख सांगा. रिक्रूटरला तीच हवी असते.

आम्ही ते कलम डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तुमच्या बायोडाट्यावर नोटीस पिरियड लिहीत नाही. "मी सांगतोय ना, मग लेटर कशाला?" असं काही जण वैतागून विचारतात. वर दिलेला प्रसंग हेच त्याचं कारण आहे. पगाराचे आकडे झाकून फक्त त्या पानाचा फोटो पाठवलात तरी चालतं.

पगाराच्या प्रश्नातही एकच आकडा सांगून मोकळं होऊ नका. समजा सीटीसी १२ लाख आहे. त्यातला निश्चित पगार ९.६ लाख, कामगिरीवर मिळणारा भाग १.८ लाख आणि ग्रॅच्युइटीसारख्या तरतुदी ०.६ लाख. फोनवर नुसतं "१२" म्हणालात आणि साडेतेराची ऑफर आली, तर वाढ घसघशीत वाटते. पण त्या साडेतेरात निश्चित भाग १० लाखच असेल, तर दरमहा हातात जेमतेम फरक पडतो. म्हणून "निश्चित ९.६, व्हेरिएबल १.८, तरतुदी ०.६, एकूण १२" असं फोडून सांगा आणि त्यांचा आकडाही तसाच फोडून मागा. फुगवून सांगू नका. पुढे सॅलरी स्लिप मागतात आणि तिथे फरक दिसला की ऑफर अडते. अपेक्षेचा प्रश्न आला की आधी जागेचं बजेट विचारा. सांगितलं नाही, तर असा पट्टा द्या की त्याच्या खालच्या टोकालाही तुम्ही खरोखर जॉइन व्हाल, कारण ऑफर बहुधा तिथेच येते. सध्याचा पगार सांगायचा नसेल, तर शांतपणे "अपेक्षेवर बोलू या" म्हणा. काही रिक्रूटर ऐकतात. काहींच्या तक्त्यात तो रकाना सक्तीचा असतो, मग खरा आकडा द्यावा लागतो किंवा जागा सोडावी लागते.

ठिकाणाबद्दल "कुठेही चालेल" म्हणू नका. ऑफिस नेमकं कुठे आहे, आठवड्यातून किती दिवस जायचं आणि शिफ्ट कोणती, हे विचारून मग हो किंवा नाही म्हणा. घरच्यांशी बोलायचं असेल तर तसं सांगून उद्याची वेळ घ्या.

फोन कामाच्या वेळेत आला तर जिन्यात उभं राहून घाईने उत्तरं देऊ नका. कंपनीचं आणि पदाचं नाव विचारा, संध्याकाळची वेळ ठरवा आणि आमच्याकडून दिलेला अर्ध्या पानाचा तक्ता भरून समोर ठेवा. रिक्रूटर भरतो तेच रकाने त्यात आहेत. बायोडाटा आमच्याकडून करून घेतलेल्यांना एक सराव कॉल त्याच शुल्कात मिळतो. इतरांना तो वेगळा घेता येतो. दोघांनीही आदल्या दिवशी नोटीसचं कलम आणि शेवटची सॅलरी स्लिप पाठवावी, म्हणजे सराव तुमच्या खऱ्या आकड्यांवर करता येईल.