फ्रिक्वेन्सी तीन झाली, म्हणजे जाहिरात थकली का?

सोशल मीडियावर जाहिराती चालवणाऱ्या माणसाला हा प्रश्न दर आठवड्याला कुणीतरी विचारतंच. फ्रिक्वेन्सी म्हणजे एका माणसाला जाहिरात सरासरी किती वेळा दिसली तो आकडा, आणि समोरच्याच्या स्क्रीनवर त्या रकान्यात ३.१ दिसत असतं. तीन ओलांडलं की ॲड जळाली असं त्याने कुठेतरी ऐकलेलं असतं, आणि चांगली चाललेली जाहिरात बंद करायला त्याचं बोट बटणावर गेलेलं असतं. हा 'तीन'चा आकडा फेसबुकपेक्षा बराच जुना आहे. तो कुठून आला हे कळलं की त्याच्यावर किती विसंबायचं तेही कळतं.

हर्बर्ट क्रुगमन हे अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिक कंपनीत जनमत संशोधनाचं काम पाहायचे. १९७२ मध्ये त्यांनी एक लेख लिहिला. त्यांचं म्हणणं असं, की जाहिरातीकडे माणसाचं मन तीन टप्प्यांत बघतं. पहिल्यांदा 'हे काय आहे?', दुसऱ्यांदा 'याचं मला काय?', आणि तिसऱ्यांदा आठवण. याच तिसऱ्या वेळी मन जाहिरातीतून बाहेर पडायला लागतं. त्यानंतरची प्रत्येक वेळ त्यांच्या लेखी तिसरीच. पण हे तीन अनुभव मनातले आहेत, टीव्हीच्या पडद्यावरचे नाहीत. एखाद्याच्या डोळ्यांसमोरून जाहिरात वीसेक वेळा गेली आणि त्याने तिच्याकडे लक्षच दिलं नाही, तर त्याच्या मनात 'हे काय आहे?' अजून उमटलेलंही नसतं.

लेखातला हाच भाग पुढे गळून पडला. १९७९ मध्ये मायकेल नेपल्स यांचं परिणामकारक फ्रिक्वेन्सीवरचं पुस्तक आलं. त्यानंतर माध्यमांचं नियोजन करणाऱ्यांच्या बोलण्यात 'निदान तीनदा दिसली पाहिजे' हा नियम रुजला. निदान किती हवं याचा हा आकडा आज कमाल मर्यादा म्हणून वापरला जातो. मला ही गोष्ट खरोखर खटकते, कारण या गैरसमजापायी चालत्या जाहिराती बंद पडतात आणि मेलेल्या चालू राहतात.

टीव्हीच्या काळात जाहिरात थकते हे संशोधकांना ठाऊक होतं, पण थकवा रोजच्या रोज मोजायची सोय नव्हती. दूरदर्शनवर निरमा आणि विकोच्या जाहिराती आपण वर्षानुवर्षं पाहिल्या. प्रेक्षक कंटाळून पाणी प्यायला उठला, तरी त्याची नोंद कुठे होत नव्हती. किती वेळा दाखवली याचा अंदाज निघायचा, पण अमुक माणसाने अमुक वेळी पाठ फिरवली हे कुणाला दिसत नव्हतं. हिशोबाची एक बाजू होती, दुसरी नव्हतीच.

ती दुसरी बाजू २७ ऑक्टोबर १९९४ ला आली. हॉटवायर्ड या वेबसाइटवर एटी अँड टी कंपनीची बॅनर जाहिरात लागली, आणि तिच्यावर शंभरातल्या चव्वेचाळीस जणांनी क्लिक केलं असं सांगितलं जातं. तेव्हा बॅनर ही वस्तूच नवी होती. त्याच वर्षी नेटस्केपमध्ये लू मॉन्टुली यांनी कुकी, म्हणजे ब्राउझरमध्ये साठणारी छोटीशी नोंद, तयार केली, त्यामुळे एकाच ब्राउझरला एकच जाहिरात कितव्यांदा दाखवतोय हे मोजता येऊ लागलं. दोन्ही आकडे एका टेबलावर आले. लगेच १९९६ मध्ये जाहिराती पुरवणाऱ्या डबलक्लिक कंपनीने सांगितलं, की तोच बॅनर त्याच माणसाला चारदा दाखवल्यावर क्लिकचं प्रमाण धाडकन कोसळतं. याला त्यांनी 'बॅनर बर्नआउट' म्हटलं. एका माणसाला अमुक वेळांपेक्षा जास्त दाखवू नका, ही मर्यादा घालायची सोयही त्याच काळात रूढ झाली. आज आपण फ्रिक्वेन्सी आणि सीटीआर म्हणजे क्लिकचं प्रमाण शेजारी ठेवून बघतो, त्या सवयीचं मूळ इथे आहे.

'फेसबुक ॲड्स' ही जाहिरातसेवा नोव्हेंबर २००७ मध्ये सुरू झाली. सुरुवातीच्या वर्षांत या जाहिराती बहुतेक बाजूच्या अरुंद पट्टीत छोटा फोटो आणि दोन ओळी एवढ्याच असायच्या. लोक दिवसातून कितीतरी वेळा साइट उघडायचे, त्यामुळे तोच फोटो पुन्हा पुन्हा समोर यायचा आणि जाहिरात काही दिवसांतच मान टाकायची. त्या काळात काम केलेल्यांना फोटो बदलण्याची ही रोजची धावपळ आठवत असेल. मार्च २०१४ मध्ये कॅम्पेन आणि ॲड यांच्यामध्ये ॲड सेट ही पायरी आली. पुढे बजेट, वेळापत्रक आणि प्रेक्षक या पायरीवर एकत्र आले आणि खाली हव्या तितक्या जाहिराती ठेवता येऊ लागल्या. प्रेक्षक तेच ठेवून जाहिरात बदलणं यामुळे सोपं झालं, पण मोजण्यात एक गुंता शिरला. तो शेवटी सांगतो.

आता फ्रिक्वेन्सी आणि क्लिकचं प्रमाण ही जोडी प्रत्यक्षात कशी वाचायची ते एका उदाहरणावर पाहू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. पुण्यात हापूसच्या पेट्या घरपोच देणारा एक विक्रेता एप्रिलच्या सुरुवातीला एक व्हिडिओ लावतो. बजेट दिवसाला २,००० रुपये, हजार वेळा दाखवायला १०० रुपये. म्हणजे जाहिरात रोज २०,००० वेळा आणि आठवड्याला १,४०,००० वेळा दिसते, आणि असं एकदा दिसणं म्हणजे एक इम्प्रेशन. पहिल्या आठवड्यात ती ८०,००० लोकांपर्यंत पोहोचली. फ्रिक्वेन्सी १.७५, लिंकवरच्या क्लिकचं प्रमाण १.६ टक्के, एक क्लिक ६ रुपये २५ पैशांना. दुसऱ्या आठवड्यात तितक्याच इम्प्रेशनमध्ये ५६,००० लोक, फ्रिक्वेन्सी २.५, क्लिक १.२ टक्के, खर्च ८ रुपये ३३ पैसे. तिसऱ्या आठवड्यात ४४,००० लोक, फ्रिक्वेन्सी ३.२, क्लिक ०.८ टक्के, खर्च साडेबारा रुपये. पहिल्या आठवड्याच्या बरोबर दुप्पट.

हा विक्रेता रोज सकाळी फक्त कालचा दिवस उघडून बघत असेल, तर त्याला फ्रिक्वेन्सी १.२ किंवा १.३ च दिसेल आणि सगळं ठीक वाटेल. कारण फ्रिक्वेन्सी म्हणजे इम्प्रेशन भागिले पोहोचलेली माणसं, आणि माणसांची बेरीज होत नाही. कालचा माणूस आज पुन्हा आला, तरी तो एकच धरला जातो. तिन्ही आठवडे एकत्र उघडले तर ४,२०,००० इम्प्रेशन आणि समजा १,०५,००० वेगळी माणसं, म्हणजे फ्रिक्वेन्सी ४. एकच जाहिरात, आणि आकडे तीन: १.२५, ३.२ आणि ४. म्हणून सात दिवसांची खिडकी ठरवून घ्यावी, दर वेळी तीच वापरावी आणि तुलना त्याच जाहिरातीच्या मागच्या आठवड्याशी करावी. शिवाय हे सगळे आकडे सरासरीचे. सरासरी तीन असताना काहींनी ती एकदा पाहिलेली असते, तर काहींनी दहा वेळा.

तिसऱ्या आठवड्यात ॲड्स मॅनेजर या जाहिराती सांभाळायच्या पानावरच्या `Delivery` रकान्यात `Creative limited` किंवा `Creative fatigue` असा शेरा दिसू शकतो. पूर्वीच्या जाहिरातींपेक्षा एका निकालाचा, म्हणजे क्लिक किंवा ऑर्डरसारख्या हव्या त्या कृतीचा, खर्च वाढला की पहिला शेरा येतो, आणि तो दुप्पट किंवा जास्त झाला की दुसरा. पण तोवर पैसे गेलेले असतात. क्लिकचं प्रमाण दोन आठवडे सलग घसरताना दिसलं, त्याच वेळी तयारी सुरू करायला हवी.

खर्च असा चढतो त्याचं एक कारण मेटा या फेसबुकच्या मालक कंपनीच्या लिलावात आहे, ज्यात कुणाची जाहिरात दाखवायची ते ठरतं. तिथे नुसती बोली बघत नाहीत. हा माणूस हवी ती कृती करेल का याचा अंदाज आणि जाहिरातीचा दर्जा हेही बोलीबरोबर धरले जातात. लोक जाहिरात न बघता पुढे सरकू लागले की तो अंदाज खाली येतो, आणि तीच जागा मिळवायला जास्त पैसे मोजावे लागतात. त्यामुळे हजार वेळा दाखवण्याचा दरही हळूहळू वाढू शकतो. मात्र दर वाढला पण क्लिकचं प्रमाण जागच्या जागी आहे, तर जाहिरातीला दोष देऊ नये. दिवाळीच्या आधीच्या आठवड्यांत असं हमखास दिसतं, कारण लिलावात गर्दी झालेली असते. उलट फ्रिक्वेन्सी दीडच्या आसपास स्थिर आहे आणि क्लिक घसरलेत, तर आधी बघावं की जाहिरात फीडमधून रील्सकडे किंवा इतर जागांकडे सरकली आहे का. प्रत्येक जागेचं क्लिकचं प्रमाण वेगळं असतं.

एक शक्यता मात्र या दोन आकड्यांतून ओळखता येत नाही. यंत्रणा आधी अशा माणसांना गाठते, ज्यांची क्लिक करण्याची शक्यता सगळ्यात जास्त असते. ती संपली की उरलेल्यांचं प्रमाण कमीच असतं, जाहिरातीचा कुणाला कंटाळा आलेला असो वा नसो. थकली ती जाहिरात की संपले ते प्रेक्षक? याचा निवाडा नवीन जाहिरातच करते. प्रेक्षक तेच ठेवून वेगळी जाहिरात लावावी. क्लिक पहिल्या पातळीकडे परतले तर जुनी थकली होती. नवीही ०.८ वरच राहिली, तर प्रेक्षक वाढवावे लागतील किंवा पेटीचा भाव तपासावा लागेल.

नवी म्हणजे खरोखर नवी हवी. पार्श्वभूमीचा रंग बदलला, मथळ्यातला एक शब्द फिरवला, तर अंगठा सरकवणाऱ्याला ती कालचीच वाटते. पहिल्या व्हिडिओत कापलेल्या आंब्याची फोड असेल, तर दुसऱ्यात देवगडच्या बागेतली पेटी भरण्याची घाई दाखवावी. तिसऱ्यात अढीतलं गवत बाजूला सारून पिकलेलं फळ निवडणारा हात दाखवावा. पहिल्या दोन-तीन सेकंदांतलं चित्र वेगळं असणं सगळ्यात महत्त्वाचं.

या दोन-तीन जाहिराती रोज एक अशा टाकू नयेत. ॲड सेटमध्ये नवी जाहिरात टाकली की त्याचा शिकण्याचा टप्पा पुन्हा सुरू होतो, म्हणजे जाहिरात कुणाला दाखवायची हे यंत्रणा पुन्हा अजमावू लागते. त्यातून बाहेर यायला आठवड्याभरात साधारण ५० निकाल लागतात. रोज एक टाकत गेलं तर तो टप्पा संपतच नाही, आंब्याचा हंगाम मात्र संपतो. म्हणून सगळ्या एकदम टाकाव्यात. जुनी चालू ठेवली तर बरेचदा तिच्या जुन्या कामगिरीमुळे बहुतेक बजेट तिच्याकडेच जातं आणि नवीला शे-दोनशे रुपयेही मिळत नाहीत. तीन-चार दिवसांत असं दिसलं तर जुनी थांबवावी. ती पुसून टाकू नये, पुढच्या हंगामात ती पुन्हा चालू शकते.

आता तो मघाचा गुंता. आंबेवाल्याने चौथ्या आठवड्यात जुनी बंद करून दोन नव्या लावल्या, क्लिक १.४ टक्क्यांवर आले, तरी ॲड सेटच्या ओळीत फ्रिक्वेन्सी ३ च्या वरच दिसेल. माणसं तीच आहेत, आणि त्या ओळीत सगळ्या जाहिरातींची इम्प्रेशन एकत्र मोजली जातात. ते बघून घाबरून नव्या जाहिराती बंद करणारे मी पाहिले आहेत. एक पायरी खाली, ॲडच्या ओळीत गेलं की दोन्ही नव्यांसमोर १.७ आणि १.८ असे आकडे दिसतात, आणि पुढचे दोन आठवडे बघायचे ते हेच.