बेडरूममध्ये धूर येतो कुठून?

माझ्या मावसबहिणीने सोसायटीच्या कमिटीला लिहिलेला पहिला अर्ज जेमतेम चार ओळींचा होता. 'चौथ्या मजल्यावरचा मुलगा बाल्कनीत सिगरेट ओढतो, धूर आमच्या बेडरूममध्ये येतो, लहान बाळ आहे, त्याला समज द्यावी.' सेक्रेटरींचं उत्तर दोन दिवसांत आलं. स्वतःच्या घरात कोणी काय करावं हे कमिटी सांगू शकत नाही. तो मुलगा बिचारा जिन्यात भेटला की मान खाली घालू लागला, आणि धूर पूर्वीसारखाच येत राहिला.

इमारतींमध्ये हवा कशी खेळते हा माझा रोजचा कामाचा विषय. म्हणून तिने अर्ज मला दाखवला. मी विचारलं, "धूर येतो तेव्हा बाल्कनीचं दार उघडं असतं का?" ती म्हणाली, "छे, एसी लावलेला असतो. सगळं बंद." तिथेच मला त्या मुलाबद्दल शंका आली.

उघड्यावर ओढलेल्या सिगरेटचा धूर कसा पसरतो, हे 2007 मध्ये स्टॅनफर्ड विद्यापीठातल्या नील क्लेपाइस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मोजून पाहिलं होतं. ओढणाऱ्याच्या अगदी शेजारी, हातभर अंतरावर, धूर बंद खोलीइतकाच दाट भरू शकतो. पण दोन मीटरच्या पलीकडे तो झपाट्याने विरतो आणि सिगरेट विझली की लगेच संपतो. वरची बाल्कनी साधारण तीन मीटरवर असते. वारा पडलेला असेल आणि भिंत दिवसभर तापलेली असेल, तर गरम धूर भिंतीला धरून सरळ वर चढतो, त्यामुळे बाल्कनीची तक्रार खोटी असते असं मुळीच नाही. पण बाल्कनीतला धूर झुळकीसारखा येतो आणि जातो, सिगरेट पेटती असेपर्यंतची पाच-सात मिनिटं. माझ्या बहिणीच्या घरातला वास साडेदहाला यायचा आणि बारा वाजले तरी हटायचा नाही.

आम्ही हवेतले बारीक कण मोजणारं एक छोटं यंत्र आणलं आणि बेडरूममध्ये उशाशी ठेवलं. ही स्वस्त यंत्रं लेझरच्या उजेडात कण किती चमकतात त्यावरून अंदाज बांधतात. आकडा अगदी बरोबर असेलच असं नाही, पण तो कधी चढला, किती वेगाने चढला आणि कधी उतरला, हे ती नीट दाखवतात. उदबत्ती, फोडणी, हवेतला दमटपणा यांनीही आकडा हलतो, म्हणून त्या रात्री घरात धूर होईल असं काही केलं नाही. दहा वाजता यंत्रावर 35 होते, म्हणजे दर घनमीटर हवेत 35 मायक्रोग्रॅम. साडेदहानंतर आकडा हळूहळू चढू लागला आणि वीस-पंचवीस मिनिटांत 80 वर गेला. मग तो रेंगाळत उतरला. असा संथ चढ आणि लांब उतार बाल्कनीतल्या धुराचा नसतो. धूर कुठेतरी कोंडून राहत होता आणि तिथून घरात झिरपत होता.

कोंडायला जागा होती. सात मजली इमारतीत सगळ्या बाथरूमच्या खिडक्या एकाच डक्टमध्ये उघडतात. डक्ट एक मीटर रुंद, दोन मीटर लांब आणि साधारण एकवीस मीटर उंच. म्हणजे आत हवा बेचाळीस घनमीटर, एका बऱ्या दिवाणखान्याइतकी. आता दुसऱ्या मजल्यावर कोणी बाथरूममध्ये बसून एक सिगरेट ओढली आणि घरच्यांना त्रास नको म्हणून पंखा लावला, तर तो धूर पंख्याने थेट या डक्टमध्ये जातो. एका सिगरेटमधून साधारण बारा मिलिग्रॅम बारीक कण बाहेर पडतात. यातला मोठा वाटा ओढणाऱ्याने सोडलेल्या धुराचा नसतो, तर दोन झुरक्यांच्या मधे बोटांत नुसत्या धुमसणाऱ्या टोकाचा असतो. ते टोक कमी तापमानाला अर्धवट जळतं, म्हणून तो धूर जास्त विषारी असतो. बारा मिलिग्रॅम बेचाळीस घनमीटरमध्ये पसरले की दर घनमीटरला पावणेतीनशेच्या वर मायक्रोग्रॅम होतात. बिल्डिंगमधल्या सगळ्यांच्या बाथरूमच्या खिडक्या या धुराकडे तोंड करून उभ्या.

पण डक्टमधला धूर वरून बाहेर निघून का जात नाही? गीझर, गरम पाण्याचे पाइप आणि दिवसभर तापलेल्या भिंती यांमुळे रात्री डक्टमधली हवा बाहेरच्या हवेपेक्षा गरम असते. गरम हवा हलकी, ती वर चढते. एकवीस मीटर उंची आणि पाच अंशांचा फरक धरला, तर डक्टच्या टोकांमध्ये साधारण चार पास्कल दाबाचा फरक पडतो. हा दाब पाण्याच्या अर्ध्या मिलिमीटरहूनही पातळ थराच्या वजनाएवढा. ऐकायला फालतू वाटतं, पण तेवढ्यावर हवा फटींमधून सतत सरकत राहते. आम्ही गच्चीवर जाऊन पाहिलं, तर कबुतरं शिरू नयेत म्हणून कोणीतरी डक्टच्या तोंडावर पत्रा टाकून कडा विटांनी दाबल्या होत्या. धुराड्यावरच झाकण! वर चढलेल्या हवेला वाट नाही, म्हणून ती वरच्या मजल्यांच्या बाथरूममध्ये घुसते. बहिणीचं घर पाचव्या मजल्यावर.

तरी एक प्रश्न उरत होता. वास बाथरूममध्ये कमी आणि बेडरूममध्ये जास्त का? उत्तर स्वयंपाकघरात सापडलं. रात्रीची भांडी आवरताना ती एक्झॉस्ट फॅन लावायची आणि तो झोपेपर्यंत तसाच चालू राहायचा. असा पंखा ताशी दोन-अडीचशे घनमीटर हवा बाहेर फेकतो. जेवढी हवा बाहेर गेली तेवढी कुठून तरी आत यायलाच हवी, आणि खिडक्या तर सगळ्या बंद. मग हवा आत यायला दोनच वाटा उरतात, मुख्य दाराखालची फट आणि बाथरूमच्या खिडकीच्या काचपट्ट्या. त्यातली बाथरूमची वाट बेडरूममधून जाते. मी टिश्यू पेपरची बारीक पट्टी बाथरूमच्या दाराखाली धरली. ती बेडरूमच्या बाजूला आडवी झाली आणि फडफडू लागली. बहिणीने तिकडे पंखा बंद केला, पट्टी सरळ लोंबू लागली. पुन्हा लावला, पुन्हा आडवी. घरातला वास घालवायला लावलेला पंखाच डक्टमधला धूर बाळाच्या पाळण्याजवळ ओढून आणत होता.

खात्री करायला आणखी दोन रात्री घेतल्या. दुसऱ्या रात्री एक्झॉस्ट फॅन बंद ठेवला. आकडा 35 वरून 48 पर्यंतच चढला. तिसऱ्या रात्री फॅन चालू, पण बाथरूमच्या काचपट्ट्यांवर प्लास्टिक लावून कडा टेपने चिकटवल्या. आकडा 40 च्या पुढे गेला नाही. तीन रात्रींवर शोधनिबंध लिहिता येणार नाही, हे मान्य. एखाद्या रात्री खालच्यांनी सिगरेट कमी ओढली असेल. पण टिश्यूची पट्टी आणि यंत्र एकच गोष्ट सांगत होते.

हे आकडे कितपत घाबरवणारे आहेत? जागतिक आरोग्य संघटनेने 2021 मध्ये बारीक कणांसाठी चोवीस तासांची सरासरी 15 मायक्रोग्रॅम ही मर्यादा सुचवली. तासाभरात खोलीतली हवा बदलते असं धरलं, तर 45 ची एक चढती लाट दिवसभराच्या सरासरीत जेमतेम दोनाची भर घालते. एका सिगरेटचा बाऊ करण्यात अर्थ नाही. पण रोज सहा सिगरेट डक्टमध्ये जात असतील, तर भर अकरा-बाराची होते, आणि तीसुद्धा आधीच 35 असलेल्या हवेत. शिवाय हे फक्त कणांचं गणित झालं. निकोटीन आणि इतर वायू यंत्राला दिसत नाहीत. हवा शुद्ध करणारं मशीन लावलं तर त्याची जाळी कण पकडते, वायू मात्र तसेच निसटतात. कोळशाचा जाड थर असलेली मशीन थोडे वायू अडवतात, तोही थर लवकर भरतो.

शेजाऱ्यांचा धूर शरीरात खरंच पोचतो का, याचा पुरावा रक्तात मिळतो. निकोटीनचं शरीरात कोटिनिन होतं आणि ते दोनेक दिवस रक्तात सापडतं. अमेरिकेतल्या मुलांच्या रक्ततपासणीचा अभ्यास 2011 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यात घरात कोणीच धूम्रपान न करणाऱ्या मुलांचीच तुलना केली होती. स्वतंत्र घरांत राहणाऱ्यांपेक्षा फ्लॅटमध्ये राहणाऱ्या मुलांच्या रक्तात कोटिनिन सुमारे 45 टक्के जास्त निघालं. फ्लॅटमधली मुलं बाहेरही जास्त धुरात वावरत असतील, ही शक्यता उरतेच, पण भिंतींवर विसंबून राहता येत नाही एवढं खरं.

मग आम्ही दुसरा अर्ज लिहिला. त्यात एकाही शेजाऱ्याचा उल्लेख नव्हता.

'मा. सेक्रेटरी, व्यवस्थापन समिती, यांस स.न.वि.वि. रात्री साडेदहा ते बारा या वेळेत पूर्वेकडच्या बाथरूम डक्टमधून सिगरेटचा धूर आमच्या घरात येतो. तीन रात्रींच्या नोंदी सोबत जोडल्या आहेत. डक्टचं गच्चीवरचं तोंड पत्र्याने बंद असल्याने धूर वर न जाता वरच्या मजल्यांवर पसरतो. डक्ट आणि गच्ची ही सोसायटीची सामाईक जागा आहे. तरी (1) पत्रा काढून, चारही बाजूंनी हवा जाईल असं उंच छत व कबुतरांसाठी जाळी बसवावी, (2) पाइप घरांत शिरतात तिथली भगदाडं सिमेंटने बुजवावीत, (3) डक्टमध्ये धूर सोडू नये अशी सर्वसाधारण सूचना फलकावर लावावी. आमच्या बाथरूमच्या खिडकीला झडपेचा पंखा आम्ही स्वखर्चाने बसवत आहोत.'

यातलं तिसरं कलम घालायला बहीण तयार नव्हती. पुन्हा भांडण होईल म्हणाली. मी ते आग्रहाने घातलं, कारण फटी बुजवून धूर कमी होतो, थांबत नाही. तो पूर्ण थांबायचा तर सिगरेट इमारतीबाहेरच ओढायला हवी. अमेरिकेत सरकारी सार्वजनिक घरांमध्ये जुलै 2018 पासून फ्लॅटच्या आतही धूम्रपानाला बंदी आहे ती याचमुळे. आपल्याकडच्या कमिटीकडून एवढी अपेक्षा मी धरली नव्हती.

उत्तर यायला या वेळी तीन आठवडे लागले, पण पत्रा निघाला. त्या जागी दीड फूट उंचीवर छत आणि जाळी आली. फलकावर सूचना लागली त्या संध्याकाळी दुसऱ्या मजल्यावरचे एक काका स्वतःहून बहिणीकडे आले. बायकोला दमा आहे म्हणून आपण मुद्दाम बाथरूममध्ये जाऊन ओढतो आणि पंखा लावतो, धूर बाहेर मोकळ्या हवेत जातो असंच आपल्याला वाटत होतं, असं ते म्हणाले.

झडपेचा पंखा बसला आहे. एक्झॉस्ट फॅन लावताना बहीण आता स्वयंपाकघराची खिडकी चार बोटं उघडते, म्हणजे पंख्याला हवी असलेली हवा तिथूनच येते. यंत्राचा आकडा बहुतेक रात्री 40 च्या आत राहतो. गेल्या आठवड्यात एकदा तो 52 वर गेला. खिडकी उघडायची राहून गेली होती.