गृहज्योती: शून्य बिल कसं येतं आणि कधी थांबतं

बेळगाव, खानापूर, निपाणी भागात एक प्रश्न नेहमी ऐकू येतो: "२०० युनिट फुकट ना? मग आमचं १२० युनिटांचं बिल का आलं?" कर्नाटकच्या गृहज्योती योजनेत २०० ही फक्त वरची मर्यादा आहे. तुमच्या वाट्याला येणारे युनिट तुमच्याच जुन्या वापरावरून ठरतात.

एप्रिल २०२२ ते मार्च २०२३ या वर्षातल्या मासिक सरासरीत १० टक्के मिळवले की तुमचा हक्काचा आकडा मिळतो. सरासरी ८० असेल तर ८८. सरासरी ४८ किंवा त्याहून कमी असेल, तर १० टक्क्यांऐवजी सरळ १० युनिट वाढवून मिळतात. कमी वीज जाळणाऱ्या घरांसाठी ही दुरुस्ती २०२४ च्या सुरुवातीला झाली, आणि ती गरजेचीच होती. ३० च्या सरासरीवर १० टक्के म्हणजे जेमतेम तीन युनिट होत होते.

बिलात आधी नेहमीसारखा आकार लावलेला असतो आणि पुढे सवलतीची रक्कम वजा केलेली दिसते. ८८ युनिटांच्या घरात ८५ जळाले, तर भरायची रक्कम शून्य. ११० जळाले, तर वरच्या २२ युनिटांचे पैसे द्यायचे. २०२५-२६ च्या ५ रुपये ८० पैसे दराने वीज आकार १२७ रुपये ६० पैसे होतो. १९५ जळाले तरी १०७ युनिटांचेच, म्हणजे ६२० रुपये ६० पैसे.

पण २०० ओलांडले की त्या महिन्याची सवलत पूर्ण जाते. २०५ युनिट झाले, तर सगळ्या २०५ चा वीज आकार ११८९ रुपये, शिवाय स्थिर आकार आणि कर. उन्हाळ्यात कूलर, एसी लावणाऱ्यांनी महिना संपायच्या आत एकदा मीटर बघावा. बिलावर मागचं रीडिंग छापलेलं असतं, ते आजच्या रीडिंगमधून वजा करा.

नोंदणी सेवा सिंधू पोर्टलवर किंवा ग्राम वन, कर्नाटक वन केंद्रात होते. आधार कार्ड आणि बिलावरचा खाते क्रमांक लागतो. भाडेकरूलाही लाभ आहे. त्याने भाडेकरार किंवा त्या पत्त्याचं मतदार ओळखपत्र द्यावं. एका माणसाला एकाच जोडणीवर सवलत मिळते, म्हणून घर बदलताना जुन्या खात्यावरून आपला आधार आधी काढून घ्या, मग नव्या खात्याला जोडा. नाहीतर नव्या घराची नोंदणी अडते, आणि जुन्या घरात येणाऱ्या भाडेकरूचीही. नव्या घराचा १२ महिन्यांचा इतिहास नसेल, तर राज्याची सरासरी ५३ धरून १० टक्के वाढीसह ५८ युनिट मिळतात.

दुकानाच्या किंवा व्यावसायिक मीटरला ही सवलत नाही. जुनी थकबाकीही योजनेत माफ होत नाही. वीज आकार शून्य असूनही बिलात रक्कम दिसली, तर आधी थकबाकीची ओळ वाचा.