प्लॉट आणि डेट फंड: कर भरल्यावर हातात किती उरतं?

आमच्याकडे येणारे बरेच ग्राहक विक्रीची रक्कम आणि खरेदीची रक्कम यांची वजाबाकी करूनच येतात. दोन गुंतवणुकी सारख्याच वाढल्या तर करही सारखाच बसेल, असं त्यांना वाटतं. २३ जुलै २०२४ पासून तसं राहिलेलं नाही. एक उदाहरण घेऊन ते समजावून सांगतो.

समजा, २०१२-१३ या आर्थिक वर्षात तुम्ही १० लाखांचा एनए प्लॉट घेतला आणि त्याच वर्षी १० लाख रुपये डेट म्युच्युअल फंडात ठेवले. प्लॉटच्या १० लाखांत मुद्रांक शुल्क आणि नोंदणी फी धरलेली आहे. हे पैसे खरेदी खर्चात धरता येतात, पण खूप जण ते विसरतात. २०२५-२६ मध्ये दोन्हींचे प्रत्येकी २६ लाख आले. ४ टक्के उपकर आणि दलाली हिशेब सोपा राहावा म्हणून बाजूला ठेवू.

फंडाला आता इंडेक्सेशन, म्हणजे महागाईनुसार खरेदी किंमत वाढवून धरण्याची सवलत, मिळत नाही. नफा १६ लाख, त्यावर १२.५ टक्के, म्हणजे २ लाख कर. हातात २४ लाख. (१ एप्रिल २०२३ पासून घेतलेल्या डेट फंडाला हाही दर नाही. त्याचा नफा थेट तुमच्या स्लॅबमध्ये जातो.)

प्लॉटला मात्र दोन वाटा आहेत. पहिली फंडासारखीच, २ लाखांची. दुसरीत खरेदी किंमत कॉस्ट इन्फ्लेशन इंडेक्सने वाढवून घ्यायची. २०१२-१३ चा इंडेक्स २०० आणि २०२५-२६ चा ३७६. दहा लाखांना ३७६ ने गुणून २०० ने भागलं की १८ लाख ८० हजार येतात. नफा उरतो ७ लाख २० हजार आणि त्यावर २० टक्क्यांनी कर होतो १ लाख ४४ हजार. दोन्हींपैकी जो कर कमी, तोच भरायचा. हातात २४ लाख ५६ हजार.

वार्षिक चक्रवाढीत सांगायचं तर दोन्हींचा करापूर्वीचा परतावा ७.६ टक्के आहे. करानंतर प्लॉटचा ७.२ आणि फंडाचा ७.० टक्के. हा फरक लहान दिसतो. पण १८ लाख ८० हजारांपर्यंतची वाढ ही निव्वळ महागाईची भरपाई आहे. खरा नफा दोन्हीकडे ७ लाख २० हजारच. त्यातून प्लॉटवाल्याचे २० टक्के जातात आणि फंडवाल्याचे जवळपास २८ टक्के. आमच्या मते तुलना या आकड्यांची व्हायला हवी. शिवाय हा इंडेक्स ठरवताना शहरी ग्राहक किंमत निर्देशांकातली सरासरी वाढ ७५ टक्केच विचारात घेतली जाते. त्यामुळे घरखर्चात जाणवणारी महागाई याहून जास्त असते आणि खरा नफा याहूनही कमी.

इंडेक्सेशन प्रत्येक वेळी फायद्याचंच, असंही नाही. हाच प्लॉट ५० लाखांना गेला असता तर इंडेक्सेशनने कर ६ लाख २४ हजार झाला असता आणि साध्या १२.५ टक्क्यांनी ५ लाख. या खरेदी वर्षासाठी दोन्ही कर साधारण साडेतेहतीस लाखांच्या विक्रीवर सारखे होतात. त्याखाली इंडेक्सेशन स्वस्त, त्यावर साधा दर स्वस्त. उलट प्लॉट १८ लाखांनाच गेला तर इंडेक्सेशननंतर ८० हजारांचा तोटा दिसतो. कर शून्य होतो, पण तो तोटा दुसऱ्या नफ्यातून वजा करता येत नाही आणि पुढच्या वर्षीही नेता येत नाही.

खरेदीची तारीख नीट पाहा. हाच व्यवहार ३१ मार्च २०१३ ऐवजी दुसऱ्या दिवशी झाला असता तर खरेदीचा इंडेक्स २२० धरावा लागला असता आणि कर सुमारे १ लाख ७८ हजार झाला असता. एका दिवसात ३४ हजारांचा फरक.

निवडीची ही मुभा फक्त जमीन आणि इमारतीला आहे, तीही २३ जुलै २०२४ पूर्वी घेतलेल्या. ती निवासी व्यक्तीला आणि हिंदू अविभक्त कुटुंबाला मिळते, कंपनीला किंवा भागीदारी फर्मला नाही. परदेशात स्थायिक झालेल्या मुलाच्या नावावर प्लॉट किंवा फ्लॅट असेल आणि तो करासाठी अनिवासी असेल तर त्याला १२.५ टक्क्यांचीच वाट आहे. सोन्यालाही इंडेक्सेशन नाही.

वडिलोपार्जित मालमत्तेत खर्च मूळ मालकाचा धरतात, आणि इंडेक्सही त्याच्या खरेदीच्या वर्षापासून धरावा, असा मुंबई उच्च न्यायालयाचा २०११ चा निकाल आहे. खरेदी १ एप्रिल २००१ पूर्वीची असेल तर त्या तारखेचं बाजारमूल्य घेता येतं, मात्र तेव्हाच्या मुद्रांक मूल्यांकनापेक्षा जास्त नाही.

हिशेबासाठी येताना नोंदणीकृत खरेदीखत, नोंदणी कार्यालयाचा इंडेक्स-२ उतारा, मुद्रांक शुल्काच्या पावत्या आणि कुंपण किंवा बांधकामाची बिलं वर्षवार लावून आणा. अशा सुधारणेचा खर्च ज्या वर्षी झाला त्या वर्षाच्या इंडेक्सने वाढतो. २०१८-१९ मध्ये कुंपणाला घातलेले २ लाख २०२५-२६ च्या विक्रीत २ लाख ६८ हजारांहून अधिक धरले जातात, पण बिल असेल तरच. आणि शक्यतो साठेखत करण्याआधी या, कारण विक्रीचं आर्थिक वर्ष तेव्हाच ठरवता येतं.